साखर 106, पण 106 काय? दुकानाच्या रिपोर्टमधली ओळ कशी लिहायची

नवीन किराणा दुकानात पहिले काही महिने खरेदीची नोंद बहुतेक जण चारच रकान्यांत ठेवतात: तारीख, माल, प्रमाण, रक्कम. तेवढ्यावर काम भागतंय असं वाटतं, कारण रोजचा माल डोळ्यांसमोर असतो. अडचण महिनाअखेरीला येते, जेव्हा बेरीज करायची असते. म्हणून आपण एकाच मालाच्या एका महिन्याच्या चार ओळी घेऊ आणि त्याच शेवटपर्यंत सोडवू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, दर करासहित धरले आहेत.

| तारीख | माल | प्रमाण | रक्कम (₹) |
|---|---|---|---|
| 3 | साखर | 3 | 6,150 |
| 11 | साखर | 1 | 4,120 |
| 11 | साखर | 100 | 4,120 |
| 19 | साखर | 2 | 4,150 |

एक्सेलला बेरीज सांगितली की तो निमूटपणे 106 आणि 18,540 असे आकडे देतो. आता 106 काय? पहिल्या ओळीतले 3 म्हणजे 50 किलोचे तीन कट्टे. दुसऱ्या ओळीतला 1 म्हणजे एक क्विंटल, कारण व्यापाऱ्याच्या त्या बिलावर तसंच लिहिलेलं होतं. तिसऱ्या ओळीतले 100 म्हणजे किलो. चौथीतले 2 परत कट्टे. कट्टे, क्विंटल आणि किलो एकत्र मिळवून आलेल्या आकड्याला काहीच अर्थ नाही. 18,540 ला 106 ने भागलं तर एका 'साखरे'चा भाव जवळजवळ 175 रुपये येतो.

पण खरी चूक त्याहून खोल आहे. दुसरी आणि तिसरी ओळ एकाच मालाची आहे. माल उतरला तेव्हा घरातल्या कुणीतरी डिलिव्हरी चलनावरून '100 किलो' अशी नोंद केली, आणि संध्याकाळी बिल हातात आल्यावर दुसऱ्यानं '1 क्विंटल' अशी पुन्हा केली. खरी खरेदी तीनच वेळा झाली: 150, 100 आणि 100, म्हणजे 350 किलो, रक्कम 14,420 रुपये, भाव किलोला 41.20.

ही दुबार ओळ नजरेतून का सुटली? एकीत 1 होतं आणि दुसरीत 100. मापं वेगळी असल्यामुळे एकाच मालाच्या दोन ओळी दोन वेगळ्या मालांसारख्या दिसल्या. आणि समजा शंका आलीच, तरी यातली चलनाची कोणती आणि बिलाची कोणती हे सांगणारं ओळीवर काहीच नव्हतं. म्हणून ओळीचा नंबर आणि मापाची शिस्त या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या शिकवत नाही. माप एक नसेल तर दुबार ओळ ओळखता येत नाही, आणि नंबर नसेल तर नेमकी कुठली ओळ दुरुस्त करायची ते सांगता येत नाही.

नुसती मापं सुधारली तर

समजा तुम्ही सगळं किलोत आणलं, पण नंबराकडे लक्ष दिलं नाही. आता खरेदी दिसते 150 + 100 + 100 + 100, म्हणजे 450 किलो. एक तारखेला शिल्लक 80 किलो होती, महिन्यात 362 किलो विकली गेली. कागदावर उरायला हवी 168 किलो. मोजलीत तर भरते 66.5 किलो. शंभर किलोहून जास्त साखर गायब.

इथे काय होतं ते सांगायला नको. संशय काउंटरवरच्या पोराकडे जातो. जो मुलगा पाच वाजता शटर उघडतो आणि रात्री हिशेब देऊन घरी जातो, त्याच्याकडे आपण तिरक्या नजरेनं बघायला लागतो, आणि त्याचं कारण असते रिपोर्टमधली एक ओळ. तीन खऱ्या ओळी धरल्या तर 80 + 350 − 362, म्हणजे 68 किलो उरायला हवी होती. मोजून 66.5 भरली. दीड किलोची घट 362 किलोच्या सुट्या विक्रीत सांडलवंड, ओलावा आणि तराजूवर पडणारे चार दाणे जास्तीचे यांतून सहज होते. त्या मुलाचा काही दोष नव्हता.

आणखी एक गोष्ट बघा. दुबार ओळ धरूनही सरासरी भाव 18,540 भागिले 450, म्हणजे 41.20 च येतो. ओळ दोनदा आली की रक्कमही वाढते आणि वजनही वाढतं, त्यामुळे भाव बिघडत नाही. 'भाव तर बरोबर दिसतोय, म्हणजे नोंदी ठीक असणार' असं समजून बरेच जण इथेच थांबतात. भाव बघून मापाची चूक सापडते. दुबार नोंद सापडत नाही.

आधी ठरवा: एक ओळ म्हणजे काय

नंबर द्यायच्या आधी ही गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा. खरेदीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ म्हणजे एका बिलातला एक माल. एका बिलात साखर, तूरडाळ आणि पोहे असतील तर तीन ओळी. विक्रीत एक ओळ म्हणजे एका पावतीवरचा एक माल. शिल्लक मोजणीत एक ओळ म्हणजे एका तारखेला मोजलेला एक माल. एकाच पानावर काही ओळी अख्ख्या बिलाच्या आणि काही एकेका मालाच्या असं मिसळलं की कुठलाही नंबर उपयोगाचा राहत नाही, कारण बिलाची ओळ आणि तिच्यातल्या मालाच्या ओळी दोन्ही बेरजेत येतात आणि रक्कम दुप्पट होते.

हे ठरलं की प्रत्येक ओळीला तीन वेगळ्या ओळखी लागतात. यांची गल्लत सगळ्यात जास्त होते.

पहिली ओळख मालाची. 'तूरडाळ', 'तूर डाळ', 'तुरडाळ' आणि एखाद्यानं इंग्रजीत टाइप केलेलं तेच नाव, हे संगणकाच्या दृष्टीनं चार वेगळे माल आहेत. नावाच्या शेवटी चुकून एक मोकळी जागा पडली तर पाचवा. म्हणून माल यादीचं एक वेगळं पान करा आणि प्रत्येक मालाला एक कोड द्या: सुटी साखर M014, सुटी तूरडाळ M015, असं. नोंदीत कोड लिहायचा, नाव यादीतून आपोआप येऊ द्यायचं. कोडात अर्थ भरायचा मोह टाळा. 'साखर, बारीक, या व्यापाऱ्याकडची' असं सगळं कोडात घातलं की उद्या व्यापारी बदलल्यावर कोड खोटा पडतो. कोडाच्या सुरुवातीला एक अक्षर मात्र ठेवाच. नुसतं 014 टाइप केलं तर एक्सेल पुढचं शून्य खाऊन 14 करतो.

कंपनीच्या पॅकबंद मालावर बारकोड असतो, मग वेगळा कोड कशाला, असं विचारतात. भारतात नोंदवलेले बरेच बारकोड 890 ने सुरू होतात आणि 13 अंकी असतात. तो कोड मालाचा आहे, आणि मालाची ओळख म्हणून उत्तमच आहे. पण सुट्या साखरेला, डाळीला तो नसतो. बिस्किटाच्या पुड्यावरचा कोड आणि अख्ख्या पेटीवरचा कोड सहसा वेगळा असतो. आणि जुन्या एमआरपीचा व नव्या एमआरपीचा पुडा एकाच बारकोडचा असू शकतो. म्हणून बारकोड माल यादीत एका रकान्यात जपून ठेवा, तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून; नाहीतर 13 अंकी आकडा 8.90E+12 असा दिसतो. एचएसएन कोडचा तर या कामी उपयोगच नाही. तो कर लावण्यासाठी मालाचा गट सांगतो, तुमच्या दुकानातला नेमका माल नाही.

दुसरी ओळख ओळीची. हा तुमचा स्वतःचा, ओळीनं पुढे जाणारा नोंद क्रमांक: P-0041-01, म्हणजे 41 वी खरेदी, तिच्यातली पहिली ओळ. एक्सेलच्या डाव्या कडेला दिसणारा आकडा हा ओळीचा नंबर नव्हे. पान मालाच्या नावानुसार लावलं की सातवी ओळ तिसरी होते, आणि 'सातव्या ओळीत चूक आहे' असं काल फोनवर सांगितलेलं आज चुकीच्या ओळीवर जाऊन बसतं. नोंद क्रमांक एकदा दिला की तो त्या ओळीचाच. ओळ रद्द झाली तरी तो नंबर दुसऱ्या ओळीला द्यायचा नाही.

तिसरी ओळख व्यवहाराची, म्हणजे व्यापाऱ्याचा बिल क्रमांक. नवीन दुकानदार इथे एक समज करून घेतो: मी प्रत्येक ओळीला माझा वेगळा नंबर दिला, आता दुबार होणार नाही. होणार. आपल्या उदाहरणात चलनावरच्या नोंदीला P-0046-01 मिळाला असता आणि बिलावरच्या नोंदीला P-0047-01. दोन्ही नंबर वेगळे, दोन्ही नियमात बसणारे, आणि माल एकच. तुमचा नंबर ओळीकडे बोट दाखवण्यासाठी आहे. माल एकच आहे का, हे व्यापाऱ्याचा बिल क्रमांकच सांगतो.

तोही एकटा पुरत नाही. दोन व्यापाऱ्यांचं 112 नंबरचं बिल एकाच दिवशी येऊ शकतं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल क्रमांक ओळीनं जाणारा, जास्तीत जास्त 16 अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा लागतो. म्हणजे 1 एप्रिलला तोच व्यापारी पुन्हा 1 पासून सुरू करू शकतो. तेव्हा व्यापारी, आर्थिक वर्ष, बिल क्रमांक आणि बिलातली ओळ हे चारही मिळून ओळख पूर्ण होते. दरवर्षी वेगळी फाइल ठेवत असाल तर वर्षाचा रकाना लागत नाही.

आणि चलनाचं काय? नियम एकच ठेवा: रिपोर्टमध्ये नोंद बिलावरूनच. माल आधी उतरला तर चलनाला टाचणी मारून 'बिल यायचंय' असं लिहिलेल्या फाइलीत ठेवायचं. बिल आलं की त्यावर चलन क्रमांक लिहायचा आणि मग नोंद करायची. रोजच्या घाईत हे जड जातं, पण दुबार नोंदी मी पाहिल्यात त्या बहुतेक याच दारातून आत आलेल्या असतात.

माप: बिलावर जसं आहे तसं आणि आपल्याला हवं तसं, दोन्ही

प्रत्येक मालाला एकच मूळ माप ठरवा. सुट्या मालाला किलो, तीन दशांशांपर्यंत, कारण इलेक्ट्रॉनिक काटा तसंच दाखवतो. गिऱ्हाईक पावशेर मागेल, नोंदीत 0.250 जाईल. पॅकबंद मालाला नग. कंपनीची पाच किलोची साखरेची पिशवी हा वेगळा माल, वेगळा कोड, माप नग. तिला सुट्या साखरेच्या किलोंत मिसळू नका. पण तुम्हीच कट्टा फोडून एक-एक किलोच्या पिशव्या भरत असाल तर तो M014 च आहे आणि माप किलोच राहतं.

बिलावरचं माप खोडून थेट किलो लिहायची सवय मात्र लावू नका. बिलावर '3 कट्टे' असेल तर नोंदीतही 3 आणि कट्टा हेच हवं, म्हणजे बिल शेजारी ठेवून ओळ ताडता येते. किलो शेजारच्या रकान्यात सूत्रानं येऊ द्या. त्यासाठी 'रूपांतर' नावाचं छोटं पान लागतं:

```
M014-किलो      1
M014-क्विंटल    100
M014-कट्टा50    50
M014-कट्टा30    30
```

नुसतं 'कट्टा' असं माप ठेवू नका, नोंदीत 'कट्टा50' असं वजनासकट लिहा. कट्टा हे भांडं आहे, वजन नाही. तांदळाचं उदाहरण घ्या. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी लागू झाला आणि बाजारात 26 किलोच्या पिशव्या दिसायला लागल्या. ज्यांच्या वहीत 'पिशवी = 25' असं पक्कं बसलं होतं, त्यांच्याकडे प्रत्येक पिशवीमागे एक किलोचा फरक पडत जाणार. एवढा फरक भावात जेमतेम 4 टक्के दिसतो, म्हणजे नजरेत भरत नाही. जीएसटीच्या बिलात BAG हे मान्य माप आहे, त्यामुळे बिल अगदी नियमात असूनही तुम्हाला वजन सांगत नाही असं होऊ शकतं. अशा वेळी व्यापाऱ्याला विचारा, आणि पोतं काट्यावर ठेवा. काटा 50.600 दाखवत असेल आणि रिकामं बारदान 600 ग्रॅमचं असेल, तर माल 50 किलो. बारदानासकट वजन नोंदवलं तर महिनाअखेर तेवढी घट दिसत राहते आणि तिचं कारण कधीच सापडत नाही.

आता खरेदीच्या पानाचे रकाने असे होतात: A नोंद क्रमांक, B तारीख, C व्यापारी कोड, D बिल क्रमांक, E बिलातली ओळ, F माल कोड, G प्रमाण, H माप, I मूळ मापात प्रमाण, J रक्कम, K मूळ मापाचा दर. D रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. 12/3 असा बिल क्रमांक टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतो आणि मूळ क्रमांक परत मिळत नाही. दुसऱ्या ओळीत ही सूत्रं घाला आणि खाली ओढा:

```
I2:  =G2*VLOOKUP(F2&"-"&H2,'रूपांतर'!A:B,2,FALSE)
K2:  =J2/I2
```

शेवटचा FALSE विसरू नका. तो नसेल तर एक्सेल जवळचा वाटणारा आकडा उचलतो. एखादं माप 'रूपांतर' पानावर नसेल तर I मध्ये #N/A येईल. ते वाईट दिसतं म्हणून काही जण तिथे शून्य आणणारं सूत्र लावतात. तसं करू नका. #N/A आलं की बेरीज थांबते आणि तुम्हाला ते माप पानावर चढवावंच लागतं. शून्य आलं तर अख्खा कट्टा गुपचूप नाहीसा होतो. आणि 'रूपांतर' पानावर एकच नाव दोनदा, दोन वेगळ्या वजनांनी असेल तर VLOOKUP वरचं घेतो आणि खालच्याबद्दल काही सांगत नाही. म्हणजे नंबर एकमेव असण्याचा नियम या छोट्या पानालाही लागू आहे.

किलो आणि लिटर

खाद्यतेलात ही चूक पैशांत दिसते. 15 लिटरचा डबा आणि 15 किलोचा डबा बाहेरून सारखेच वाटतात. पण तेल पाण्याहून हलकं असतं; एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात 13.65 किलो तेल असतं. समजा लिटरवाला डबा 2,100 रुपयांना आणि किलोवाला 2,280 ला मिळतोय. नुसतं 'डबा' असं माप असलेल्या रिपोर्टमध्ये पहिला स्वस्त दिसतो. किलोत आणलं तर पहिला 153.85 रुपये आणि दुसरा 152 रुपये पडतो. महाग दिसणारा डबाच स्वस्त आहे.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये तेल कंपन्यांना तापमानाचा उल्लेख न करता लिटर आणि वजन दोन्ही लिहायला सांगितलं, त्यामुळे पाकिटावर ग्रॅमचा आकडा सापडतो. तोच माल यादीत घ्या. एक लिटरच्या पाऊचसारखीच दिसणारी पण कमी वजनाची पाऊचही बाजारात असतात. त्यांना वेगळा कोड द्या. पाऊच विकताना माप नगच राहू दे, पण एका नगाचं वजन यादीत असेल तर दोन ब्रँडचा भाव किलोवर आणून ताडता येतो.

रुपयालाही माप असतं

साखरेसारख्या मालात फायदा किती पातळ असतो ते बघा. 41.20 ला घेतली आणि 44 ला विकली तर किलोमागे 2.80 रुपये. साखरेवर 5 टक्के जीएसटी आहे. खरेदीचा दर करासहितच्या 41.20 ऐवजी कराशिवायचा, म्हणजे 39.24, लिहिला आणि विक्रीचा 44 करासहितच ठेवला, तर रिपोर्ट 4.76 रुपये फायदा दाखवतो. पावणेपाच रुपये फायदा दिसला की मालक दर उतरवून विकायला तयार होतो.

कंपोझिशन योजनेत असाल तर खरेदीवरचा कर परत मिळत नाही, म्हणून तुमची खरी किंमत करासहितचीच. नियमित करदाते असाल तर दोन्ही बाजूंना कराशिवायचे दर घ्या: 41.90 वजा 39.24, म्हणजे 2.66 च्या आसपास. कुठलाही एक पाया ठरवा आणि रकान्याच्या डोक्यावर 'रक्कम, करासहित' किंवा 'रक्कम, कराशिवाय' असं लिहून टाका. नुसतं 'रक्कम' नको.

दुबार दिसणारी खरी ओळ

आतापर्यंत एकाच मालाच्या दोन ओळींबद्दल बोललो. विक्रीत उलटं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला दोन गिऱ्हाइकं येतात, दोघंही एक-एक किलो साखर नेतात, दोघंही 44 रुपये देतात. रिपोर्टमध्ये तारीख, माल, प्रमाण, रक्कम सगळं सारखं. एक्सेलमध्ये Remove Duplicates हे बटण आहे. पावती क्रमांकाचा रकाना नसेल तर ते बटण यातली एक ओळ काढून टाकेल, आणि ती खरी विक्री होती. महिनाभरात एकेक किलोच्या अशा कितीतरी ओळी असतात, आणि त्या बटणानंतर त्यांतली प्रत्येक तारखेला एकच उरते. गल्ल्यात पैसे जास्त आणि रिपोर्टमध्ये विक्री कमी असं दिसायला लागतं. पावती क्रमांक आणि पावतीतली ओळ असेल तर जुळ्या दिसणाऱ्या दोन ओळी दोनच राहतात. हे बटण कधी वापरलंत तर फक्त ओळख क्रमांकाचे रकाने निवडून, आणि आधी फाइलीची प्रत काढून.

दर आठवड्याला करायची तपासणी

दोन रकाने जादा ठेवा. L मध्ये तुमचा नोंद क्रमांक किती वेळा आला आणि M मध्ये तेच बिल, तीच ओळ किती वेळा आली ते दिसू दे:

```
L2:  =COUNTIF(A:A,A2)
M2:  =COUNTIFS(C:C,C2,D:D,D2,E:E,E2)
```

दोन्हीत सगळीकडे 1 यायला हवं. L मध्ये 2 आलं तर नंबर चुकून दोनदा दिला गेलाय. कागद बघून एकाला नवा नंबर द्या. M मध्ये 2 आलं तर बिलच दोनदा चढलंय. एक मर्यादा लक्षात ठेवा: एक्सेल 15 अंकांपुढचं नीट धरत नाही, त्यामुळे एखाद्या व्यापाऱ्याचा बिल क्रमांक 16 अंकी नुसता आकडाच असेल तर हे सूत्र दोन वेगळ्या बिलांना एक समजू शकतं. तिथे बिलं हातात घेऊनच बघा. आणि चलनावरून चढलेली ओळ M मध्ये पकडली जाणार नाही, कारण तिचा क्रमांकच वेगळा असतो.

ती पकडायला व्यापाऱ्याकडून महिन्याचा खातेउतारा मागवा. आपल्या उदाहरणात त्याच्या खात्यावर साखरेचे 14,420 असतील आणि तुमच्याकडे 18,540. फरक 4,120. फरक एखाद्या बिलाच्या रकमेइतकाच नेमका आला की दुबार नोंदीचीच शंका घ्या, आणि 4,120 ची ओळ शोधा. जीएसटीत नियमित करदाते असाल तर पोर्टलवर व्यापाऱ्यांच्या बिलांवरून तयार होणाऱ्या जीएसटीआर-2बी या यादीशी ताडतानाही तीच ओळ वर येईल, कारण तिथे व्यापाऱ्याचा जीएसटीआयएन आणि बिल क्रमांक यांनीच जोडी लागते आणि चलनाच्या ओळीला जोडीदार मिळत नाही.

मापाची चूक K रकान्यात दिसते. बाकी सगळे दर 41 च्या आसपास आणि एका ओळीचा 2,050 असेल, तर 2,050 भागिले 41 म्हणजे 50: ती ओळ कट्ट्यांत लिहिली गेलीय. 100 पट दिसला तर क्विंटल. हजारावा भाग, म्हणजे 0.041 असा दर दिसला तर कुणीतरी ग्रॅम लिहिलेत. भागाकार स्वतःच चुकलेलं माप सांगतो. 4 टक्के, 9 टक्के असा छोटा फरक असेल तर मात्र भाव खरंच चढला की पिशवी 26 किलोची होती की डबा लिटरचा होता, हे लेबल बघूनच कळतं.

चूक सापडली की ओळ पुसू नका, विशेषतः महिना बंद करून कुणाला रिपोर्ट दिला असेल तर. उलट नोंद करा: नवा नंबर P-0063-01, माल M014, प्रमाण −100, माप किलो, रक्कम −4,120, शेरा 'P-0046-01 दुबार, चलनावरून चढलेली'. बिल क्रमांकाच्या रकान्यात चलन क्रमांकापुढे R लावा, म्हणजे M मध्ये ही ओळ पुन्हा दुबार म्हणून ओरडणार नाही. व्यापाऱ्याला माल खरोखर परत केला असेल तर तीही अशीच उणे ओळ, पण शेऱ्यात त्याच्या क्रेडिट नोटचा क्रमांक.

जुन्या महिन्यांच्या नोंदी आधीच विस्कटलेल्या असतील तर त्या सगळ्या सुधारत बसू नका. एक तारीख ठरवा, शक्यतो महिन्याची पहिली. आदल्या रात्री शटर ओढल्यावर माल मोजा, मूळ मापात लिहा, आणि त्या आकड्यांना O-0001 पासून नंबर देऊन सुरुवातीची शिल्लक म्हणून चढवा. सुरुवात सगळ्या मालानं करायचीही गरज नाही. साखर, तूरडाळ, तांदूळ, तेल आणि गव्हाचं पीठ एवढे पाच घेतले तरी चालतील, कारण किराण्यात कट्टा, किलो, लिटर आणि नग यांची सरमिसळ जास्त करून यांच्यातच होते.

महिना संपला की या पाचांची पुन्हा मोजणी करा आणि फरक किलोत लिहा. साखरेत दीड किलो घट आली तर ती घट म्हणूनच स्वतंत्र नंबरच्या ओळीत नोंदवा, W-0001, आणि पुढच्या महिन्याच्या घटीशी ताडा. घट दर महिन्याला विक्रीच्या प्रमाणातच राहिली तर ती मालाची आहे. एखाद्या महिन्यात एकदम 25, 50 किंवा 100 किलोंची तूट आली, तर कुणालाही काही विचारायच्या आधी L, M आणि K हे तीन रकाने उघडा, आणि व्यापाऱ्याचा खातेउतारा ताडा.